78 अंश फेज मार्जिन असूनही थरथरणारा अक्ष: एक प्रकरण

पार्श्वभूमी

यंत्र होतं अॅक्रिलिकचे मोठे पत्रे कापणारं सीएनसी राउटर. टेबलावर आडवी बीम, बीमवर इकडून तिकडे फिरणारं स्पिंडलचं डोकं, आणि ती अख्खी बीम पुढे-मागे ढकलणारा एकच बॉलस्क्रू. हा स्क्रू टेबलाच्या डाव्या बाजूला बसवलेला, उजव्या बाजूला नुसती गाईड रेल. स्वस्त आणि सुटसुटीत रचना आहे, लहान कारखान्यांत सर्रास दिसते. प्रकरण खरं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि आकडे हिशोबाला सोपे जातील असे गोळाबेरीज केले आहेत.

मोटरवरच्या एन्कोडरवर वेगाचं लूप आणि टेबलालगतच्या लिनिअर स्केलवर स्थितीचं लूप, अशी दुहेरी मांडणी होती. स्थितीच्या लूपचा गेन Kv = 46 प्रति सेकंद. आतलं वेगाचं लूप, ड्राइव्हचं सॅम्पलिंग वगैरे सगळं मिळून 4.2 मिलिसेकंदांचा उशीर धरला की मोजलेल्या आलेखाशी बऱ्यापैकी जुळत होतं.

दोन वर्षं यंत्र बिनतक्रार चाललं. मग स्केल हलवली गेली. स्क्रूच्या बाजूला ग्रीस आणि अॅक्रिलिकचा भुसा साचून रीड-हेड वारंवार एरर देत होतं, म्हणून देखभालवाल्यांनी स्केल आणि रीड-हेड उजव्या रेलवर नेलं. काम नीटनेटकं झालं होतं, ब्रॅकेटसुद्धा आधीपेक्षा जाड. नंतर ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरमधून लूपची चाचणी घेतली. स्केल हलवण्याआधी गेन मार्जिन 17.6 डेसिबल आणि फेज मार्जिन 79 अंश होतं. हलवल्यावर 18.9 डेसिबल आणि 78.5 अंश आलं. म्हणजे एक आकडा किंचित सुधारला, दुसरा जागच्या जागी. अहवालावर सही झाली.

तक्रार

आठवडाभरात कापलेल्या कडेवर लाटा दिसू लागल्या. नख फिरवलं की जाणवतील इतक्या. 9 मीटर प्रति मिनिट फीडला दोन लाटांमधलं अंतर साधारण साडेदहा मिलिमीटर यायचं.

इथे कमिशनिंग करणाऱ्या तरुण अभियंत्याने एक गोष्ट अगदी बरोबर केली. फीड 6 मीटरवर आणून तोच तुकडा पुन्हा कापला. अंतर सात मिलिमीटरवर आलं. दोष स्क्रूच्या पिचमध्ये किंवा रेलच्या जोडात असता, तर वेग बदलूनही लाटांचं अंतर तेच राहिलं असतं. इथे अंतर वेगाबरोबर बदललं. 9 मीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला 150 मिलिमीटर, त्याला 10.4 ने भागलं की 14.4 हर्ट्झ; 6 मीटरचा हिशोबही तिथेच येतो. म्हणजे काहीतरी 14.4 हर्ट्झला डोलत होतं, यंत्र कुठेही असो आणि कितीही वेगात असो.

पुढचं पाऊल मात्र अहवालावर भिस्त ठेवून टाकलं गेलं. 78 अंश फेज मार्जिन आहे म्हटल्यावर लूप सुस्त आहे, कटरच्या धक्क्यांना पुरेसा विरोध करत नाही, असा निष्कर्ष निघाला. म्हणून Kv 46 चा 55 केला. शिवाय स्केलच्या सिग्नलमध्ये खरखर वाटली, म्हणून त्यावर 8 मिलिसेकंदांची मूव्हिंग अॅव्हरेज लावली, म्हणजे 4 मिलिसेकंदांचा जादा उशीर. मार्जिन एवढं घसघशीत असताना 20 टक्के गेन आणि 4 मिलिसेकंद किस झाड की पत्ती, असं कुणालाही वाटेल.

यंत्र चालू केल्यावर बीम थरथरू लागली आणि थांबेना. ऑपरेटरने इमर्जन्सी दाबली. त्या संध्याकाळी मला फोन आला. त्या मुलाचं पहिलं वाक्य: "सर, अठ्ठ्याहत्तर अंश आहेत हो, मी दोनदा बघितलं."

आकडे खरे होते

माझी पहिली शंका मोजणीवर होती, आणि ती चुकीची ठरली. अहवालातले आकडे बरोबर होते. आधी जुनी सेटिंग परत टाकली, मग लूप नव्याने मोजलं. फरक इतकाच केला की 10 ते 20 हर्ट्झच्या पट्ट्यात 0.1 हर्ट्झच्या पायरीने साइन देत गेलो. ड्राइव्हच्या चाचणीत इथे पायरी 1 हर्ट्झची होती. ज्या डोलण्याची रुंदी जेमतेम 0.9 हर्ट्झ आहे, ते 1 हर्ट्झच्या पायरीत एखाद-दुसऱ्या ठिपक्याएवढं दिसतं, आणि तो ठिपका मोजणीतला आवाज समजून नजर पुढे सरकते.

बारीक पायरीने मोजल्यावर नायक्विस्ट आलेखावर एक गोल फास उमटला. लूपची वक्ररेषा 14 हर्ट्झपाशी एकदम वळसा घेऊन −1 बिंदूच्या, म्हणजे लूप अस्थिर होण्याच्या सीमेच्या दिशेने जात होती आणि परत येत होती. तो वळसा जातो कुठून, यात सगळं प्रकरण आहे.

गेन मार्जिन मोजतात तेव्हा आपण एकच प्रश्न विचारतो: वक्ररेषा ऋण वास्तव अक्षाला जिथे छेदते, तिथून −1 किती लांब? फेज मार्जिनचा प्रश्नही एकच: वक्ररेषा एकक वर्तुळाला जिथे छेदते, तिथून −1 पर्यंत किती अंश वळायचं? दोन्ही ठिकाणी आपण −1 कडे ठरावीक वाटेने बघतो, एकदा सरळ अक्षावरून, एकदा वर्तुळाच्या कडेवरून. आमचा फास या दोन्ही वाटा चुकवून मधून आत शिरला होता. त्याचं सर्वात मोठं मान 0.91 होतं, म्हणजे एकक वर्तुळाला तो शिवत नव्हता. त्याची सर्वात मागे पडलेली फेज −175 अंश होती, म्हणजे वास्तव अक्षाला तो पाच अंशांनी चुकवत होता. त्यामुळे दोन्ही मार्जिनांच्या हिशोबात तो आलाच नाही. सॉफ्टवेअरने फेज मार्जिन घेतलं 7.5 हर्ट्झला आणि गेन मार्जिन 59 हर्ट्झला. 14 हर्ट्झला काय चाललंय हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तिन्ही एकाच फूटपट्टीवर

सेन्सिटिव्हिटी म्हणजे S = 1/(1+L). इथे L ही लूपची वक्ररेषा, आणि |1+L| म्हणजे तिच्यावरच्या बिंदूचं −1 पासूनचं अंतर. म्हणून S चं शिखर, म्हणजे पीक सेन्सिटिव्हिटी Ms, हे सर्वात कमी अंतराचं व्यस्त. कोणती दिशा हा प्रश्नच राहत नाही. जिथून जवळ असेल तिथून मोजायचं.

मार्जिनांनाही अंतराच्या भाषेत बसवता येतं, आणि मग तुलना सोपी होते. फेज मार्जिन 78.5 अंश म्हणजे एकक वर्तुळावरच्या त्या बिंदूपासून −1 पर्यंतची जीवा, 2·sin(39.25°) = 1.27. गेन मार्जिन 18.9 डेसिबल म्हणजे 8.8 पट, म्हणजे छेदबिंदू −0.114 ला आणि अंतर 0.886. खरं सर्वात कमी अंतर मात्र 0.331 निघालं, 90.3 रेडियन प्रति सेकंदाला, म्हणजे नेमकं 14.4 हर्ट्झला. Ms = 3.02. कटरकडून त्या वारंवारतेचा जो धक्का येतो, तो लूप दाबत नव्हतं, तिप्पट करून कडेवर छापत होतं. लाटांचं उत्तर इथेच होतं.

या तीन अंतरांवरून मार्जिनांचं आणि Ms चं नातंही कळतं. Ms माहीत असेल तर −1 भोवती 1/Ms त्रिज्येचं एक वर्तुळ निषिद्ध झालं. मग वक्ररेषा कुठूनही गेली तरी गेन मार्जिन Ms/(Ms−1) पेक्षा कमी आणि फेज मार्जिन 2·arcsin(1/(2Ms)) पेक्षा कमी होऊच शकत नाही. Ms 2 असेल तर किमान 6 डेसिबल आणि 29 अंश. Ms 1.6 असेल तर किमान 8.5 डेसिबल आणि 36 अंश. एका आकड्यात दोन्हींची हमी मिळते.

उलटीकडून अशी हमी नाही. आमच्या दोन मार्जिनांवरून Ms बद्दल एवढंच म्हणता येत होतं की ते 1.13 पेक्षा कमी नाही. किती जास्त, त्याला वरची सीमाच नाही. मार्जिन चांगलं म्हणजे दोन दारं बंद आहेत; खिडकीबद्दल त्यात अवाक्षर नाही.

ज्यांना स्वतः पडताळायचं आहे त्यांच्यासाठी मॉडेल इतकंच आहे:

```python
import numpy as np
w = np.arange(5, 1000, 0.05)
s = 1j*w
Kv, T = 46, 0.0042
wp, z, k = 90, 0.03, 0.072
R = 1 - k*s**2/(s**2 + 2*z*wp*s + wp**2)
L = Kv/s*np.exp(-s*T)*R
S = abs(1/(1+L))
print(S.max(), w[S.argmax()])
```

R च्या ओळीतलं वजाचं चिन्ह लक्षात ठेवा. ते अधिक केलंत की स्केल जुन्या जागी गेल्यासारखं होतं, आणि Ms 1.2 च्या आसपास येतं.

चिन्ह का उलटलं

हे चिन्ह कागदावरचं नाही, लोखंडातलं आहे. बीम एका टोकाने ढकलली जाते, त्यामुळे ती सरळ पुढे जाता जाता किंचित तिरकीही होते, सी-सॉसारखी. डावं टोक पुढे तर उजवं मागे. या तिरकं होण्याची स्वतःची वारंवारता 14.3 हर्ट्झ होती. स्केल डावीकडे, स्क्रूच्याच बाजूला होती तेव्हा मोटरने ढकललेलं आणि स्केलने बघितलेलं तिरकेपण एकाच दिशेचं होतं. तेव्हा फास होताच, आताइतकाच मोठा, पण फेज पुढे नेणारा. तो −1 कडे पाठ करून उभा होता. स्केल उजव्या टोकाला नेल्यावर तेच तिरकेपण उलट्या चिन्हाने दिसू लागलं. फासाने कूस बदलली आणि तोंड −1 कडे केलं.

बीम, स्क्रू, मोटर, गेन यांतलं काहीच बदललं नव्हतं. जिथून बघतो ती जागा बदलली, आणि Ms 1.2 वरून 3.0 वर गेलं. त्याच वेळी गेन मार्जिन सव्वा डेसिबलने वाढलं. मार्जिनांवर इतकी वर्षं विसंबलेल्या माझ्यासारख्याला हा आकडा पचायला थोडा वेळ लागला, हे कबूल करतो.

दोन छोटे बदल एकत्र आल्यावर

आता त्या संध्याकाळच्या थरथरीकडे. 14.4 हर्ट्झला लूपचा बिंदू 0.75 मानाचा आणि −165.6 अंशांचा. −1 ला पोचायला त्याला 33 टक्के जास्त गेन आणि 14.4 अंश जास्त लॅग, दोन्ही एकदम हवेत. गेन मार्जिनची व्याख्याच 'फेज तीच ठेवून गेन बदला' अशी आहे, आणि फेज मार्जिनची 'गेन तोच ठेवून फेज बदला' अशी. खरं यंत्र दोन्ही एकाच वेळी बदलतं. फिल्टर लावला, बेअरिंग ढिलं झालं, गेन वाढवला, हे वेगवेगळ्या दिवशी घडतं, पण परिणाम एकाच बिंदूवर साचतात.

त्यातून मार्जिनांची आणखी एक खोड बाहेर आली, ती म्हणजे उडी मारण्याची. फासाचं टोक 0.91 ला होतं. गेन 10 टक्क्यांनी वाढवला की ते एकक वर्तुळाला टेकतं, आणि फेज मार्जिन 78 वरून एकदम 39 होतं. 20 टक्क्यांना ते 22 अंशांवर येतं. तसंच फक्त 1 मिलिसेकंद उशीर वाढवला की फास वास्तव अक्ष ओलांडतो, आणि गेन मार्जिन 18.9 डेसिबलवरून थेट पावणेसहाच्या आसपास पडतं. बदल लहान, आकड्याची कोलांटी मोठी. Ms अशा उड्या मारत नाही. अंतर हळूहळू कमी होतं तसं ते हळूहळू वाढतं, म्हणून धोका आधीच दिसतो.

55 चा गेन आणि 8 मिलिसेकंदांची अॅव्हरेज, दोन्ही मिळून मॉडेलमध्ये फेज मार्जिन चार अंशांखाली आणि Ms तीसच्या आसपास जातं. कागदावर अजून स्थिर. पण मॉडेलमधलं डॅम्पिंग आम्ही 3 टक्के धरलेलं, आणि यंत्राच्या एका कोपऱ्यात ते जरा कमी असलं की संपलं. तसंच झालं असावं.

त्या मुलाने अॅव्हरेज लावण्याआधी, नुसता गेन वाढवल्यावर चाचणी पुन्हा घेतली असती तर 22 अंश दिसले असते आणि तो थांबला असता. पण अठ्ठ्याहत्तरातून थोडं खर्च केलं तर साठ-सत्तर उरतील, हा त्याचा हिशोब होता. मार्जिन हे बँकेतलं शिल्लक खातं आहे, असं आपण सगळेच नकळत धरून चालतो.

पर्याय

मालकांना दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र हवं होतं. समोर तीन वाटा होत्या.

पहिली, स्केल परत डावीकडे नेणं. तांत्रिकदृष्ट्या सर्वात स्वच्छ, कारण फासाचं तोंडच फिरतं. पण भुशाचा प्रश्न परत आला असता, आणि तोच मिटवण्यासाठी एवढा खटाटोप झाला होता. "ते सोडून काहीही सांगा," असं देखभालवाल्या काकांनी आधीच बजावलं.

दुसरी, Kv निम्मा करणं. 23 केला की फास निम्मा होतो आणि Ms 1.58 येतं. दहा मिनिटांचं काम. पण फॉलोइंग एरर म्हणजे वेग भागिले Kv, तो सेकंदाला 150 मिलिमीटरला 3.3 वरून साडेसहा मिलिमीटर होतो. फीडफॉरवर्ड नव्हता, त्यामुळे कोपरे गोल झाले असते. रात्रीपुरता हाच उपाय केला, आणि सकाळी फक्त सरळ काप असलेली कामं लावायला सांगितली.

तिसरी, 14.3 हर्ट्झला नॉच फिल्टर, म्हणजे त्या एका वारंवारतेभोवतीच गेन दाबणारा फिल्टर. ड्राइव्हमध्ये सोय होती, फक्त खोली आणि रुंदी ठरवायची होती. इथे मी स्वतः एकदा घसरलो.

नॉच: अरुंद की रुंद

फेज वाया जाऊ नये म्हणून पहिला नॉच मी अरुंद ठेवला. तळाशी गेन 0.4 पट, भाजकातलं डॅम्पिंग 0.05. डोकं मधोमध असताना सुरेख चाललं, मोजलेलं Ms दीडच्या खाली. मग डोकं बीमच्या टोकाला नेलं. तिरकं व्हायला विरोध करणारं जडत्व वाढलं आणि डोलण्याची वारंवारता 14.3 वरून 13.4 हर्ट्झवर आली. नॉच मात्र 14.3 लाच. आता फासाच्या जागी नॉच गेन जेमतेम 14 टक्के कमी करत होता, पण 19 अंश लॅग घालत होता, कारण नॉचच्या मध्याच्या अलीकडे तो नेहमी फेज मागे ओढतो. Ms गेलं 4.2 वर. नॉच नसता तर त्या जागी 3.2 च्या आसपास राहिलं असतं. म्हणजे उपायाने दुखणं वाढवलं.

गंमत अशी की या वाईट अवस्थेतही ड्राइव्हचा अहवाल फेज मार्जिन सत्तरीच्या पुढेच दाखवत होता. फासाने वास्तव अक्ष ओलांडला तर गेन मार्जिन ओरडतं, पण पायरी 1 हर्ट्झची असेल तर तेही दोन ठिपक्यांच्या मधून निसटू शकतं.

दुसऱ्या खेपेला रुंद नॉच घेतला: खोली तीच, 0.4, पण भाजकात डॅम्पिंग 0.2 आणि अंशात 0.08. डोकं मधोमध असताना Ms 1.44, टोकाला 2.0 च्या जरा खाली. याची किंमत 7.3 हर्ट्झला 9 अंश लॅग, त्यामुळे फेज मार्जिन 78 वरून 70 वर आलं.

जो फक्त फेज मार्जिन बघतो त्याच्या दृष्टीने मी लूप बिघडवलं होतं. −1 पासूनचं अंतर मात्र 0.33 वरून 0.69 वर गेलं होतं.

नॉच आणखी 13.9 ला सरकवून दोन्ही टोकांचं Ms सारखं करता आलं असतं. मी ते केलं नाही. डोकं बहुतेक वेळ मध्यावर असतं, आणि यंत्र आधीच एक दिवस बंद होतं. आज वाटतं, अर्धा तास काढायला हवा होता.

निकाल

Kv परत 46 केला, मूव्हिंग अॅव्हरेज काढून टाकली, नॉच ठेवला. खरखर वाटत होती ती सिग्नलमधली नव्हतीच; तोच 14 हर्ट्झचा डोल स्केलवर दिसत होता. कडेवरच्या लाटा नखाला लागेनाशा झाल्या. पत्रा ट्यूबलाइटखाली तिरपा धरला तर डोळ्याला अजून अंधूक दिसतात, टोकाजवळ जरा जास्त. मालकांनी ते चालवून घेतलं, कारण कडा नंतर पॉलिश होते.

मोजलेले आकडे मॉडेलच्या जवळ राहिले. सुरुवातीचं Ms मॉडेलमध्ये 3.02, मोजणीत 2.9. नॉचनंतर मोजणीत 1.5. मोजणीसाठी वेगळं काही लागलं नाही. स्थितीच्या एररमध्ये साइन मिसळायची, मिसळल्यानंतरचा एकूण सिग्नल भागिले मिसळलेली साइन, हेच S. L आधी काढून मग 1+L करत बसण्यापेक्षा हे बरं, कारण L जिथे −1 च्या जवळ जातो तिथेच वजाबाकीतली चूक सर्वात मोठी होते.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात स्वस्त संधी स्केल हलवण्याच्या दिवशी होती. स्क्रू आणि स्केल बीमच्या विरुद्ध टोकांना जाणार हे आराखड्यावर दिसत होतं. एका टोकाने ढकललेल्या बीमचं दुसरं टोक मोजायचं म्हणजे तिरकेपणाचं चिन्ह उलटणार, हे सांगायला संगणक लागत नाही. त्या दिवशी कुणी एका बाजूला हाताने बीम दाबून दुसऱ्या बाजूला डायल गेज लावला असता, तरी काटा उलटा फिरताना दिसला असता.

दुसरी संधी चाचणीच्या पायरीत होती. हलक्या डॅम्पिंगच्या डोलण्याची रुंदी हर्ट्झमध्ये साधारण 2 × डॅम्पिंग × वारंवारता असते; आमच्याकडे 2 × 0.03 × 14.3, म्हणजे 0.86. त्या पट्ट्यात पाच-सहा तरी ठिपके पडतील इतकी पायरी बारीक हवी. भरभर जाणारा चर्प दिला तर डोलणं पूर्ण उठतच नाही, आणि शिखर खुजं दिसतं.

तिसरी गोष्ट माझ्याकडची. मी Ms ला एकच आकडा म्हणून वागवलं आणि एका जागी मोजून खूश झालो. Ms दिशा विचारत नाही, पण यंत्र कोणत्या अवस्थेत होतं हे ते सांगत नाही. आता अशा गँट्रीवर मी डोकं दोन्ही टोकांना आणि मधे, असं तीनदा मोजतो, आणि सर्वात वाईट आकडा लिहितो. दोनच्या वर गेला तर गेनला हात लावत नाही. आणि Ms चांगलं आलं म्हणून लूप चांगलं झालं असंही नाही. Kv 23 वर Ms 1.58 होतं, पण कोपरे गोल होते. कमी वारंवारतेला लूप किती जोर लावतं, हे वेगळं बघावंच लागतं.

तो मुलगा आता अहवालात तिसरी ओळ लिहितो: Ms, कोणत्या हर्ट्झला, आणि डोकं कुठे असताना. परवा त्याने एका नव्या यंत्राचा अहवाल पाठवला. फेज मार्जिन 52 अंश, गेन मार्जिन 9 डेसिबल, Ms 1.7, डोकं उजव्या टोकाला. खाली त्याने पेनाने लिहिलं होतं, "सर, मार्जिन कमी आहेत पण हे बरं आहे ना?" मी हो म्हणून कळवलं, आणि पायरी किती होती ते विचारलं.